शिपमेंट लेट झाल्याची माफी, अरबीत

प्रश्न: आमची सांगलीची हळद पावडर एक्स्पोर्ट करणारी छोटी कंपनी आहे. दम्मामच्या गिऱ्हाइकाचा वीस फुटी कंटेनर ७ ऑक्टोबरच्या बोटीवर चढायचा होता, तो चुकला. आता १४ तारखेची बोट आहे. पाकिटांवरची अरबी लेबलं परत छापावी लागली, त्यात वेळ गेला. साहेबांनी इंग्रजीत मेल लिहिलाय: "वी सिन्सिअरली अपॉलॉजाइझ फॉर द शिपमेंट, विच हॅज बीन डिलेड ड्यू टू अनफोरसीन सर्कमस्टन्सेस. वी रिग्रेट एनी इनकन्व्हिनियन्स कॉज्ड. वी विल मेक इट अप टू यू. काइंडली बेअर विथ अस." हा नम्र अरबीत करून पाठवायचा आहे. मी कॉलेजात दोन वर्षं अरबी शिकलेय. वाक्याला वाक्य लावून करू का?

उत्तर:

नका करू. तुमचं अरबी कमी पडेल म्हणून म्हणत नाही. साहेबांचा मेल जिथे जिथे मोघम आहे तिथे तिथे अरबी भाषा तुम्हाला काहीतरी ठरवायला लावते. उशीर कोणी केला, माफी नक्की कशाची, भरपाई देणार का, हे सगळं इंग्रजीत धूसर ठेवता येतं. अरबीत क्रियापद निवडलं की त्यातलं बरंचसं उघड होतं, आणि तुम्ही न ठरवता निवडलंत तर भलतंच काही कबूल होऊन बसतं. त्यामुळे इथे खरा अनुवाद सुरू होण्याआधी साहेबांसोबत दहा मिनिटं बसावं लागेल.

मी सहा वर्षं दम्माममध्ये एका आयातदाराच्या ऑफिसात असे मेल वाचायला बसत होतो आणि आता मुंबईत बसून लिहून देतो. म्हणजे दोन्ही बाजू पाहिल्यात. खाली अरबी शब्द उच्चार कळावा म्हणून देवनागरीत देतोय. पाठवताना अर्थातच अरबी लिपीत.

पहिल्याच वाक्यापासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे. "अपॉलॉजाइझ फॉर द शिपमेंट." माफी मागण्याचं अरबी क्रियापद तुम्हाला माहीत असेल: नअतझिर, म्हणजे "आम्ही माफी मागतो". ज्या गोष्टीची माफी मागायची तिच्याआधी "अन" हे अव्यय येतं. इथपर्यंत सरळ. पण याच "इअतझर अन" चा दुसरा, रोजच्या वापरातला अर्थ आहे नकार कळवणं. लग्नाच्या निमंत्रणाला "अअतझिर अन अल-हुदूर" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ "मी येऊ शकत नाही" असा होतो. "आल्याबद्दल माफ करा" असं कोणी समजत नाही. आता तुम्ही "नअतझिर अन शहन अल-बिदाआ" लिहिलंत, शब्दाला शब्द "माल पाठवण्याबद्दल माफी", तर वाचणारा समजेल की तुम्ही माल पाठवायला नकार देताय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नेमकं हेच वाक्य एका गिऱ्हाइकाला लिहिलं होतं. अर्ध्या तासात त्याचा फोन आला आणि पहिला प्रश्न होता, आमचा अॅडव्हान्स कधी परत करताय? तेव्हापासून माझा नियम आहे: "अन" च्या पुढे चुकीचं नाव आलं पाहिजे, कामाचं नाही. म्हणजे "अन अत्-तअखीर", उशिराबद्दल. साहेबांच्या वाक्यातला "शिपमेंट" हा शब्द माफीच्या जवळसुद्धा येऊ देऊ नका.

"सिन्सिअरली" साठी शब्दकोशात "बि-सिद्क" सापडेल, म्हणजे खरेपणाने. चूक नाही, पण माफीच्या पत्रात ते उपरं वाटतं. व्यापारी अरबीत माफीला जोडून येणारा शब्द "खालिस" आहे, आपल्या खालिस तुपातला तोच. "नतकद्दम इलैकुम बि-खालिस अल-इअतिझार", आपल्यापुढे निखळ माफी ठेवतो. हे पूर्ण, वजनदार वाक्य आहे आणि ते एकदाच लिहायचं. इंग्रजी मेलमध्ये सुरुवातीला अपॉलॉजाइझ, मध्ये रिग्रेट आणि शेवटी पुन्हा सॉरी असं चालतं. अरबीत एका भारदस्त माफीनंतर दुसरी आली की पहिलीचं वजन उतरतं.

आता "हॅज बीन डिलेड". कर्मणी प्रयोग दिसला की आपल्याकडे शिकलेले विद्यार्थी "तम्म" वापरतात, कारण बातम्यांच्या अरबीत तो पावलोपावली असतो: अमुक करण्यात आलं, तमुक करण्यात आलं. पण "तम्म" चा मूळ अर्थ पार पडणं, पूर्ण होणं. "तम्म तअखीर अश्-शहना" म्हणजे शिपमेंट लांबवण्याचं काम पार पाडण्यात आलं. कोणीतरी बसून ठरवून लांबवली असा वास त्याला येतो. माल आपोआप मागे पडला हे सांगायला अरबीत स्वतंत्र क्रियापद आहे: "तअख्खरत अश्-शहना", शिपमेंटला उशीर झाला. फरक "लांबवणं" आणि "लांबणं" इतकाच आहे, मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

पण या दोहोंपैकी कुठलं वापरायचं हे व्याकरणावर ठरत नाही, काय घडलं त्यावर ठरतं. आणि तुमच्या प्रकरणात काय घडलं ते तुम्ही स्वतःच लिहिलंय: लेबलं परत छापावी लागली. मग "अनफोरसीन सर्कमस्टन्सेस" कुठून आलं?

याचं ठरलेलं अरबी रूप आहे "झुरूफ खारिजा अन इरादतिना", आमच्या इच्छेबाहेरची परिस्थिती. आखातातल्या कुठल्याही खरेदी विभागात हे वाक्य दिवसातून दोन-चार वेळा येतं आणि वाचणारा त्याचं भाषांतर मनात "यांना खरं कारण सांगायचं नाही" असं करतो. मी त्या खुर्चीत होतो तेव्हा मीही तेच करायचो. त्याहून वाईट म्हणजे काही जण आणखी भारदस्त दिसावं म्हणून "कुव्वा काहिरा" लिहितात. तो कायद्यातला शब्द आहे, फोर्स मेजर. भूकंप, युद्ध, बंदर बंद होणं अशा वेळी करारातली जबाबदारी माफ व्हावी म्हणून तो वापरतात. लेबलाच्या छपाईसाठी तो वापरलात तर गिऱ्हाइकाचा वकील हसेल आणि गिऱ्हाईक चिडेल.

तुमचं खरं कारण तर चांगलं आहे. सौदीत खाद्यपदार्थाच्या पाकिटावर अरबी लेबल लागतंच, हे तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्याहून जास्त माहीत आहे. चुकीचं लेबल घेऊन कंटेनर दम्मामला पोचला असता तर माल बंदरात अडकला असता आणि रोजचं भाडं त्यालाच भरावं लागलं असतं. म्हणून सरळ लिहा: अरबी लेबलं पुन्हा छापायला आमच्याकडून उशीर झाला आणि कंटेनर गेट बंद होण्याच्या वेळेआधी बंदरात पोचला नाही. "आमच्याकडून" हा शब्द साहेबांना टोचेल. टोचू द्या. मात्र एक अट आहे. तुमच्या करारात उशिराबद्दल दंडाचं कलम असेल, अरबीत त्याला "घरामत तअखीर" म्हणतात, तर हे वाक्य म्हणजे लेखी कबुली होते. तसं असेल तर आधी करार पाहा आणि गरज वाटल्यास कारण सांगताना कर्ता वगळा: "लेबलांची छपाई वेळेत पूर्ण झाली नाही." तेही खरंच आहे. खोटं मात्र कुठल्याच रूपात नको, कारण बोटीच्या तारखा आणि गेटच्या वेळा शिपिंग लाइनच्या वेबसाइटवर कोणालाही दिसतात.

करार पाहता पाहता पैसे कसे येणार तेही पाहा. एलसीवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेच्या पैसे देण्याच्या लेखी हमीवर, असतील तर त्यात माल चढवण्याची शेवटची तारीख दिलेली असते. १४ तारीख त्यानंतरची असेल तर तुमची माफी कितीही सुंदर असली तरी बँक कागद नाकारू शकते. मग या मेलचा खरा हेतू एलसीत दुरुस्ती मागणं हा ठरतो, "तअदील अल-इअतिमाद अल-मुस्तनदी", आणि ती विनंती ठळक, वेगळ्या परिच्छेदात यायला हवी. माफीच्या ओघात ती बुडली तर तुमच्याच कंपनीला महागात पडेल.

"वी विल मेक इट अप टू यू" ला तर हात लावायच्या आधी साहेबांना विचाराच. इंग्रजीत ही नुसती गोड भाषा. अरबीत त्याला जवळचं क्रियापद म्हणजे "सनुअव्विदुकुम", आणि "तअवीद" म्हणजे नुकसानभरपाई, पैशातली. विमा कंपनी देते ती, कोर्ट देतं ती. हे वाक्य गेलं की पुढच्या बिलातून गिऱ्हाईक रक्कम कापेल आणि तुमचाच मेल पुरावा म्हणून दाखवेल. काही द्यायचं असेल तर नेमकं द्या: पुढच्या ऑर्डरवर इतके टक्के "खस्म", म्हणजे सूट. काही द्यायचं नसेल तर वाक्यच गाळा. गाळलं म्हणून कोणी नाराज होत नाही.

"इनकन्व्हिनियन्स" बद्दल थोडक्यात. शब्दकोश "इझआज" देईल. तो रस्ता खोदल्यावर पालिका लावते त्या पाटीवरचा शब्द आहे, त्रास, कटकट. दुकानदाराचा माल आठवडाभर उशिरा आला तर त्याला कटकट होत नाही, त्याचं विक्रीचं गणित बिघडतं. "इरबाक", म्हणजे घडी विस्कटणं, हा शब्द घ्या: "आपल्या विक्रीच्या नियोजनात यामुळे झालेला इरबाक आम्ही समजतो." आणि इंग्रजीतलं "एनी" टाकून द्या. "काही त्रास झाला असल्यास" म्हटलं की झालाय की नाही याबद्दल तुम्हालाच शंका आहे असं वाटतं.

"बेअर विथ अस" शब्दशः केलंत तर "आम्हाला सोसा" असं होईल. त्याची जागा घेणारं वाक्य तयार आहे: "शाकिरीन लकुम हुस्न तफह्हुमिकुम", आपल्या समजूतदारपणाबद्दल आभारी आहोत. समोरच्याने समजून घेण्याआधीच आभार मानायचे ही पद्धत आपल्याला थोडी चतुर वाटते, पण तिथे ती सरळ सभ्यता आहे.

आता सुरुवात. मिस्टर आणि आडनाव हा इंग्रजी शिरस्ता अरबीत चालत नाही; पदवी पहिल्या नावाला लागते. म्हणजे समजा गिऱ्हाइकाचं नाव खालिद असेल तर "सआदत अल-उस्ताझ खालिद", पुढे घराण्याचं नाव आणि शेवटी "अल-मुहतरम". "सआदत" हा सौदीत मालक, संचालक यांच्यासाठी सर्रास वापरतात. त्याच्या वर "मआली" आहे, तो मंत्र्यांसाठी. मोहात पडून तो लावू नका. अभिवादन "अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू" लिहिलं तर सौदी गिऱ्हाइकाला आवडतं, लिहिणारा मुसलमान नसला तरी. ते अवघड वाटत असेल, किंवा उद्या हाच साचा बैरूतच्या ख्रिस्ती व्यापाऱ्याला वापरायचा असेल, तर "तहिय्या तय्यिबा व बअद" कुठेही चालतं.

एकाच माणसाला लिहिताना "तुम्ही" अनेकवचनी ठेवा, शब्दांच्या शेवटी "कुम". आपल्या आदरार्थी बहुवचनासारखंच आहे हे, म्हणून मराठी माणसाला सोपं जातं. चूक होते ती मध्येच "क" वर घसरण्याची, म्हणजे "आपण" म्हणता म्हणता "तुझं" येण्याची. पाठवायच्या आधी फक्त हीच एक चूक शोधत संपूर्ण मेल एकदा वाचा.

तारखेच्या वाक्यात बहुतेक जण अडखळतात. भविष्यातली तारीख नुसतीच ठणकावून लिहिली तर जुन्या पिढीच्या वाचकाला ती उद्धट वाटते, आणि "इन्शाल्लाह लवकरच पाठवू" लिहिलं तर त्याचा अर्थ तो "कधी ते विचारू नका" असा घेतो. तोडगा साधा आहे. नेमकी तारीख द्या आणि वाक्याच्या शेवटी "बि-इझ्निल्लाह" ठेवा. तारखेमुळे वचन पक्कं होतं आणि शेवटच्या शब्दामुळे नम्र. महिन्याचं नाव अक्षरात लिहा, सौदीसाठी "उक्तूबर". बगदाद किंवा दमास्कसला लिहित असता तर तोच महिना "तिश्रीन अल-अव्वल" झाला असता. १४/१० असं आकड्यात लिहू नका. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो आणि त्यात आकडे, इंग्रजी अक्षरं, तिरप्या रेघा मिसळल्या की मेलमध्ये त्यांची जागा कधी कधी बदलते. याच कारणाने कंटेनर नंबर आणि बुकिंग नंबर वाक्यात न गुंफता वेगळ्या ओळीवर एकटे ठेवा.

एक शब्द शब्दकोशावर सोडू नका: "व्हेसल". तिथे "विआ" सापडेल, म्हणजे भांडं. बोटीला व्यापारात "बाखिरा" म्हणतात. कंटेनर "हाविया", बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल बोटीवर चढल्याचा शिपिंग लाइनचा कागद, "बूलीसत अश्-शहन", ऑर्डर "तलबिय्या". आणि तुमची हळद अरबीत "कुरकुम" आहे, ऐकल्यावर कुंकू आठवतं.

हे सगळं धरून मी तुमचा मेल असा बांधेन. विषयाच्या ओळीत "तअख्खुर शहन अत्-तलबिय्या रकम", पुढे ऑर्डर नंबर. इथे माफी शब्द नको, काय झालं तेच. मग नाव, अभिवादन, आणि एक वाक्य: "नश्कुर लकुम सिकतकुम बिना", आमच्यावरच्या विश्वासाबद्दल आभार. लगेच मुद्दा: "व नवद्द इफादतकुम बि-अन्न शहनत अल-कुरकुम लम तुहम्मल अला मत्न अल-बाखिरा अल-मुकर्ररा फी ७ उक्तूबर", हळदीचा माल ७ तारखेच्या ठरलेल्या बोटीवर चढला नाही हे कळवत आहोत. इथे "युअसिफुना", म्हणजे "कळवण्यास खेद होतो", मी टाळतो. तो नोकरीचे अर्ज नाकारणाऱ्या पत्रांचा सूर आहे आणि वाचणारा ऑर्डरच रद्द झाली म्हणून धास्तावतो. त्यानंतर "व यऊद अस्-सबब इला" म्हणून लेबलांचं कारण, एका वाक्यात. मग ती एकमेव माफी आणि तिला जोडून विक्रीची घडी विस्कटल्याची जाणीव. नंतर नवीन बोट: १४ ऑक्टोबरला निघणाऱ्या बोटीवर जागा बुक झाली आहे, दम्मामला अमुक तारखेला पोचणं अपेक्षित आहे, बि-इझ्निल्लाह. पोचण्याची तारीख शिपिंग लाइनकडून लेखी घ्या, स्वतः मोजू नका. बोट थेट जाते की दुबईच्या जेबेल अली बंदरात माल दुसऱ्या बोटीवर चढतो यावर दिवस ठरतात. शेवटी बूलीसाची प्रत निघताच पाठवू, समजूतदारपणाबद्दल आभार, आणि "व तफद्दलू बि-कबूल फाइक अल-इहतिराम वत्-तकदीर". मूळ इंग्रजी चार वाक्यांचं होतं, अरबी आठ-नऊ वाक्यांचं होईल. ते ठीक आहे, त्याहून मोठं मात्र करू नका.

एवढं करूनही एक प्रश्न उरतोच, मेल वाचणार कोण? आखातातल्या कंपन्यांत खरेदीच्या टेबलावर पुष्कळदा मल्याळी, इजिप्शियन किंवा जॉर्डनचा माणूस असतो. मल्याळी असेल तर त्याला इंग्रजीच बरं, म्हणून अरबीखाली इंग्रजी मजकूरही जोडा. पण तो साहेबांचा जुना नको, या अरबीवरून नव्याने केलेला हवा. दोन्हीत तारीख किंवा कारण वेगळं दिसलं तर सगळी मेहनत वाया. मालक स्वतः वाचणार असेल तर मेल पाठवायच्या आधी साहेबांना एक फोन करायला सांगा. तिथे वाईट बातमी आधी कानावर घालतात आणि कागद नंतर पाठवतात. आणि सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे, २०१३ पासून. गुरुवारी दुपारनंतर पाठवलेला मेल रविवारी उघडला जाईल, तोवर त्याला बातमी दुसरीकडून कळलेली असेल.

उत्तर आलं की त्याची भाषा पाहा. "मा फी मुश्किला" किंवा "अल्लाह युअतीक अल-आफिया" असं बोलीतलं काही आलं, व्हॉट्सअॅपवर आलं, तर प्रकरण मिटलं. "नअमल इफादतना" ने सुरू होणारं कोरडं पत्र आलं, अभिवादनाशिवाय, आणि त्यात बूलीसाची प्रत अमुक तारखेपर्यंत मागितली असेल, तर त्याने तुमची फाइल उघडून ठेवलीय असं समजा आणि १४ तारखेला कंटेनर खरंच बोटीवर चढल्याचा कागद त्याच दिवशी पाठवा.